बाटली आडवी झाली, पुढे काय? दारूबंदीचे आकडे काय सांगतात

वाघोलीत नव्या सोसायटीच्या तळमजल्यावर वाइन शॉप किंवा बिअर शॉपीची पाटी लागली की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, मुलींना संध्याकाळी तिथून जावे लागते, दुकान हटवा. दुसरी म्हणते, इथले हटवले तर लोक खराडीला किंवा लोणीकंदला जाऊन घेतील, फरक काय पडणार? वाद थोडा लांबला की कोणीतरी चंद्रपूरचे नाव काढतो. ‘तिथे बंदी केली होती, काय झालं? उठवावीच लागली ना!’

चंद्रपूरचे उदाहरण योग्यच आहे, पण ते सहसा अर्धेच सांगितले जाते. एका अख्ख्या जिल्ह्यात सहा वर्षे बंदी आली आणि गेली, शेजारी दोन जिल्हे तसेच कोरडे राहिले, असा प्रयोग राज्यात दुसरा नाही. बंदीने पिणे थांबते का, कमी होते का, की फक्त जागा बदलते, या प्रश्नांची उत्तरे तिथे शोधता येतात. मात्र त्यासाठी कोणता आकडा नेमके काय मोजतो, हे आधी पाहावे लागते.

आपले राज्य कागदावर ‘दारूबंदी’चेच

अनेकांना ठाऊक नसते की महाराष्ट्रात दारूविक्री ज्या कायद्याखाली चालते त्याचे नावच दारूबंदी कायदा आहे. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये हा कायदा केला आणि १९५० पासून मुंबई राज्यात कडक बंदी आली. मोरारजी देसाई तिचे खंदे पुरस्कर्ते होते. पाठीशी गांधीजींचा आग्रह होता आणि राज्यघटनेचे कलम ४७ही होते. मादक पेयांच्या सेवनावर बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे ते सांगते.

पुढे काय झाले ते मुंबईच्या जुन्या पिढीला आठवत असेल. खाडीच्या काठाने, झोपडपट्टीत आणि चाळींच्या मागे हातभट्ट्या पेटल्या, त्यांच्या जिवावर टोळ्या उभ्या राहिल्या आणि हप्त्यांची साखळी तयार झाली. साठच्या दशकात सरकारने बंदी सैल करायला सुरुवात केली. कायदा मात्र रद्द झाला नाही, त्यात परवान्यांच्या खिडक्या उघडल्या गेल्या. म्हणूनच आजही नियमाप्रमाणे पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीव मिळतो. बारमध्ये बसलेल्या किती जणांकडे तो असतो, हा प्रश्न बारमालकाला विचारू नये.

गुजरातने हाच कायदा पुढे चालवला आणि तिथे बंदी कायम राहिली. महाराष्ट्रात ती जिल्ह्याजिल्ह्यांत परत आली. गांधीजी आणि विनोबांचा जिल्हा म्हणून वर्ध्यात सत्तरच्या दशकात, मोठ्या लोकचळवळीनंतर गडचिरोलीत १९९३ मध्ये, आणि चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ रोजी.

चंद्रपूर: मागणी कोणाची होती

‘सरकारने लादली’ हे चंद्रपूरबाबत खरे नाही. ही मागणी गावांतील बायकांची होती. पारोमिता गोस्वामी यांच्या पुढाकाराने ‘श्रमिक एल्गार’ने ती लावून धरली. डिसेंबर २०१० मध्ये हजारो महिला चिमूरहून नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर चालत गेल्या. त्यानंतर तत्कालीन पालकमंत्री संजय देवतळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातील पाचशेहून अधिक ग्रामपंचायतींनी बंदीच्या बाजूने ठराव केले. अखेर २०१५ मध्ये, सुधीर मुनगंटीवार अर्थमंत्री आणि जिल्ह्याचे पालकमंत्री असताना निर्णय झाला.

या बायकांचे म्हणणे घटनेच्या कलमावर आधारलेले नव्हते. खाणीतला, कारखान्यातला, शेतातला पगार शनिवारी घरी पोहोचण्याआधी गुत्त्यावर संपतो आणि रात्री मार बसतो, हे त्यांचे म्हणणे होते. बंदीची मागणी कुठेही उठली तरी तिच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच असते. बिहारमध्ये २०१६ साली बंदी आली तीही महिलांच्या मागणीवरून. म्हणून बंदी ‘यशस्वी’ झाली का हे तपासताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा की घरात येणारा पैसा आणि घरातली मारहाण यांत फरक पडला का. प्रत्यक्षात चर्चा होते ती महसुलाची.

दारू आली कुठून

चंद्रपूरचा नकाशा समोर ठेवा. पूर्वेला गडचिरोली आणि वायव्येला वर्धा, हे दोन्ही कोरडे जिल्हे. पण उत्तरेला नागपूर, पश्चिमेला यवतमाळ आणि दक्षिणेला तेलंगण, तिन्हीकडे दारू खुली. वर्धा नदीवरचा पूल ओलांडला की वणीच्या बाजूला परवानाधारक दुकान. एवढी लांब हद्द, त्यात जंगलातले रस्ते आणि कोळशाच्या ट्रकांची अखंड ये-जा. नाके बसवले तरी प्रत्येक गाडी उघडून पाहणे अशक्य होते.

अशा ठिकाणी कोणता माल येतो, हे साध्या हिशेबाने कळते. बिअरमध्ये अल्कोहोल साधारण ५ ते ८ टक्के असते, व्हिस्की-रममध्ये ४२.८ टक्के. म्हणजे ६५० मिलीच्या ६ टक्क्यांच्या बिअरच्या बाटलीत शुद्ध अल्कोहोल सुमारे ३९ मिली, आणि खिशात मावणाऱ्या १८० मिलीच्या ‘क्वार्टर’मध्ये सुमारे ७७ मिली. पकडले जाण्याचा धोका दोन्हींना सारखाच. मग चोरून आणणारा गाडीत बिअर कशाला भरेल? तो कडक माल आणतो आणि मूळ किमतीच्या कितीतरी वर भावाने विकतो. वरचा पैसा वाहतूक करणारा, साठवणारा, गावात विकणारा आणि डोळेझाक करणारा यांच्यात वाटला जातो. ज्याला ही बाटली परवडत नाही तो गावातल्या मोहाच्या दारूकडे वळतो. मोहाची फुले भिजवून, कुजवून, गूळ-नवसागर घालून तिचा सडवा तयार करतात आणि तो भट्टीवर चढवतात. ही कला विदर्भातल्या गावांना नवी नाही, आणि तिच्यासाठी नदीवरचा पूलही ओलांडावा लागत नाही.

या धंद्याने पोलिसांचेही बळी घेतले. नोव्हेंबर २०१८ मध्ये नागभीडचे पोलिस उपनिरीक्षक छत्रपती चिडे दारूची गाडी अडवायला गेले आणि तस्करांनी ती त्यांच्या अंगावर घातली. त्यात त्यांचा मृत्यू झाला.

उठवण्यासाठी वापरलेले आकडे

सरकार बदलले, पालकमंत्री विजय वडेट्टीवार झाले आणि बंदीच्या फेरविचारासाठी निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांची समिती नेमली गेली. तिच्या अहवालानंतर २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने बंदी उठवली. दुकाने जुलैमध्ये उघडली. एका बारमालकाने पालकमंत्र्यांच्या फोटोला ओवाळल्याचा व्हिडिओ तेव्हा राज्यभर फिरला होता.

निर्णयाच्या समर्थनार्थ जे आकडे दिले गेले त्यातले दोन सर्वाधिक गाजले. बंदीपूर्वीच्या २०१० ते २०१४ या काळात १६,१३२ गुन्हे नोंदले गेले, बंदीच्या २०१५ ते २०१९ या काळात ४०,३८१. महिला आरोपींची संख्या १,७२९ वरून ४,०४२ झाली. निष्कर्ष असा काढला गेला की बंदीने गुन्हेगारी अडीच पट केली.

इथे थोडे थांबायला हवे. ३१ मार्च २०१५ रोजी दुकानातून बाटली विकणे हा व्यवसाय होता, १ एप्रिलला तो गुन्हा झाला. कायद्याची व्याख्याच बदलली की नोंदीही वाढणार, त्यासाठी समाजाने बिघडण्याची गरज नाही. शिवाय अशा गुन्ह्यात तक्रारदार नसतो. चोरी झाली तर घरमालक ठाण्यात येतो, दारू विकली गेली तर कोणी येत नाही. पोलिसांनी छापा टाकला तरच गुन्हा नोंदतो. म्हणजे हा आकडा अवैध विक्री किती झाली यापेक्षा पोलिसांनी किती छापे टाकले हे अधिक सांगतो. उद्या सगळे छापे थांबवले तर आकडा शून्यावर येईल, दारू मात्र तितकीच वाहील.

महिला आरोपींचा आकडा मला अधिक अस्वस्थ करणारा वाटतो. ज्यांच्या नावाने बंदी आली त्यांच्यातल्याच गरीब बायका बाटल्या साठवायच्या आणि विकायच्या कामाला लागल्या. माल आणणारा मागे राहतो आणि घरात बाटल्या सापडलेली बाई पकडली जाते. व्याख्या बदलल्याचे कारण इथेही लागू आहे, पण नवा धंदा कोणाच्या दारात जाऊन बसला हे या आकड्यातून दिसते.

महसुलाचेही तसेच. सहा वर्षांत अडीच हजार कोटींच्या आसपास उत्पादन शुल्क आणि विक्रीकर बुडाल्याचे सांगितले गेले. तो आकडा सरकारी तिजोरीचा आहे. घरांनी दारूवर किती कमी खर्च केला किंवा काळ्या बाजारात किती जास्त मोजला, हे त्यातून कळत नाही. सरकार बाटलीवर कर घेते, त्यामुळे त्याच्या खतावणीत न प्यायलेली बाटली ‘तोटा’ म्हणून येते.

मग पिणे कमी झाले का

उत्तर आहे हो, पण अर्धेमुर्धे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या नमुना पाहणीत चंद्रपुरात बंदीनंतरच्या पहिल्या वर्षी पिणाऱ्या पुरुषांचे प्रमाण आणि दारूवरचा खर्च घटलेला दिसला. पिणे थांबलेले नव्हते. गडचिरोलीत तर बंदीला वीस वर्षे उलटल्यावरही अवैध दारू एवढी होती की २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हा वेगळा उपक्रम हाती घ्यावा लागला. त्याचा भर नाक्यांपेक्षा गावावर आहे. गावाची समिती, गावानेच पकडलेली दारू, आणि ज्याला सोडायची आहे त्याच्यासाठी उपचार. तिथला धडा असा की कायदा दुकान बंद करतो, हातभट्टी बंद करायला गावातलेच लोक लागतात. गाव थकले की भट्टी परत पेटते.

बाहेरचे अनुभवही याच दिशेला बोट दाखवतात. अमेरिकेत १९२० ते १९३३ देशव्यापी बंदी होती. विक्री बेकायदा असल्याने किती प्यायले गेले याची नोंदच नव्हती. म्हणून मिरॉन आणि झ्वीबेल या अर्थतज्ज्ञांनी यकृताच्या सिऱ्हॉसिसचे मृत्यू, दारूने झालेले मृत्यू, नशेत झालेल्या अटका अशा आडवळणाच्या खुणांवरून अंदाज बांधला. सुरुवातीला पिणे आधीच्या ३० टक्क्यांपर्यंत खाली आले, पण पुढच्या काही वर्षांत ते पुन्हा ६० ते ७० टक्क्यांपर्यंत चढले. चोरटा पुरवठा उभा राहायला वेळ लागतो आणि बंदीचा मोठा परिणाम त्या फटीत दिसतो. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या यशावरून किंवा सहाव्या वर्षाच्या अपयशावरून संपूर्ण निकाल देणे चुकीचे ठरते.

बिहारचा आकडा आपल्याकडे वारंवार चेष्टेने सांगितला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ वर्षांवरील पुरुषांत दारू पिणारे बिहारमध्ये १५.५ टक्के आढळले आणि महाराष्ट्रात १३.९ टक्के. ‘बंदी असलेल्या राज्यात जास्त पितात!’ ही तुलना दोन वेगळ्या राज्यांची आहे, बंदीआधीच्या आणि नंतरच्या बिहारची नाही. बंदीपूर्वीच्या चौथ्या फेरीत बिहारमध्ये हे प्रमाण २९ टक्क्यांच्या आसपास होते. दोन फेऱ्यांतले वयोगट वेगळे असल्याने थेट वजाबाकी करता येत नाही, शिवाय बंदी असताना पाहणी करणाऱ्यासमोर ‘मी पितो’ म्हणायला लोक कचरतात. तरीही घट खरी दिसते. शेजारच्या राज्यांशी तुलना करून २०२४ मध्ये लॅन्सेटच्या दक्षिण-पूर्व आशिया आवृत्तीत आलेल्या अभ्यासाने अंदाज दिला की बंदीमुळे रोज किंवा दर आठवड्याला पिणाऱ्यांत सुमारे २४ लाखांची, आणि पतीकडून होणाऱ्या हिंसेच्या प्रकरणांत सुमारे २१ लाखांची घट झाली. चिमूरहून चाललेल्या बायकांच्या प्रश्नाला थेट उत्तर देणारे असे अभ्यास फार थोडे आहेत.

या फायद्याची किंमतही बिहारने मोजली. जामिनाच्या अर्जांनी न्यायालये भरली, आणि २०२२ मध्ये पहिल्यांदा पिताना सापडलेल्याला दंड भरून सोडण्याची दुरुस्ती करावी लागली. डिसेंबर २०२२ मध्ये सारणमध्ये विषारी दारूने सत्तरहून अधिक लोक गेले.

विषारी दारू फक्त बंदीमुळे होते का

सारण किंवा जुलै २०२२ मधले गुजरातचे बोटाद, अशा घटना झाल्या की दोष बंदीवर जातो. पण मालवणी आठवा. जून २०१५ मध्ये मुंबईत, जिथे बंदी नव्हती आणि दुकाने जवळच होती, तिथे शंभराहून अधिक माणसे मेली. कारण त्यांना दुकानातली बाटली परवडत नव्हती.

गूळ किंवा मोह कुजवून निघते ते मुख्यतः इथेनॉल. ते वाईट असले तरी एका रात्रीत गावे ओस पाडत नाही. जीव घेते ते मिथेनॉल. हे कारखान्यात लागणारे स्वस्त रसायन टँकरमधून चोरून, पाणी घालून ‘दारू’ म्हणून विकले जाते. रंग, वास आणि चव यावरून ते ओळखता येत नाही. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते डोळ्यांच्या नसांवर घाला घालते. पिऊन अर्धा-एक दिवस उलटल्यावर पोटात कळा, उलट्या, धाप आणि डोळ्यांपुढे धुके दिसू लागले तर तो हँगओव्हर नव्हे. तासाभरात मोठे रुग्णालय गाठावे, वेळेत डायलिसिस मिळाले तर माणूस आणि नजर दोन्ही वाचू शकतात. बंदी असलेल्या ठिकाणी अटकेच्या भीतीने लोक इथेच उशीर करतात.

म्हणून धोक्याचे मूळ स्वस्त कायदेशीर दारू आणि गरीब माणसाचा खिसा यांच्यातल्या अंतरात आहे. बंदी ते अंतर वाढवते, तसा मोठा करही वाढवतो. राज्य सरकारने जून २०२५ मध्ये मद्यावरचे शुल्क वाढवले तेव्हा १८० मिली देशी दारूची किमान किंमत ८० रुपयांवर गेली. करवाढीने पिणे कमी होते याला जगभर भक्कम पुरावा आहे, पण त्याच वेळी हातभट्टीवर छापे वाढले नाहीत तर सगळ्यात खालचा ग्राहक कुठे जाईल ते मालवणीने दाखवले आहे.

वाघोलीपुरते

आता आपल्या रस्त्यावर येऊ. वाघोलीला बंदीची एक झलक २०१७ मध्ये मिळाली होती. सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतील दारूविक्री १ एप्रिलपासून बंद केली, तेव्हा वाघोली ग्रामपंचायत होती आणि गावाच्या मधून नगर रस्ता जात होता. पुढे न्यायालयाने आधी शहरी हद्दी वगळल्या, मग २०१८ मध्ये ग्रामपंचायतींचा निर्णय राज्यांवर सोडला. तो आदेश पिणे कमी करण्यासाठी नव्हता, पिऊन गाडी चालवणाऱ्यांसाठी होता. उद्देश नेमका ठरवला की मोजमापही नेमके होते, एवढे त्यातून घेण्यासारखे.

जून २०२१ पासून वाघोली पुणे महापालिकेत आहे. दुकान बंद करण्याचा मार्ग तोच, ‘आडवी बाटली, उभी बाटली’. राज्याच्या २००८ च्या आदेशानुसार वॉर्डातील २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली की सह्या तपासून गुप्त मतदान घेतले जाते. बाटली आडवी करायला मतदान केलेल्यांच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. समजा वॉर्डात १२ हजार महिला मतदार आहेत. अर्जासाठी ३ हजार सह्या, आणि जिंकायला ६ हजारांवर मते. मतदानाला ४० टक्के, म्हणजे ४,८०० महिला आल्या आणि सगळ्यांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तरी दुकान सुरूच राहील. भाड्याने राहणाऱ्या, नाव गावच्या यादीत असणाऱ्या वाघोलीकरांची संख्या पाहता ही अट किती जड आहे ते कळेल.

मार्च २०२५ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत सांगितले की सोसायटीच्या आवारात नवे बिअर किंवा दारूचे दुकान काढायचे तर सोसायटीचे ना-हरकत प्रमाणपत्र लागेल. महापालिका वॉर्डातील मतदानासाठी ७५ टक्क्यांची अटही तेव्हा सांगण्यात आली. त्यामुळे सह्या गोळा करण्याआधी राज्य उत्पादन शुल्कच्या कार्यालयात आज लागू असलेला आदेश लेखी मागून घ्यावा.

सोसायटीखालचे दुकान हटवल्याने त्या फाटकासमोरची गर्दी, शिवीगाळ आणि फुटलेल्या बाटल्या हटतात, आणि ते मागणे रास्त आहे. त्याने वाघोलीचे पिणे फारसे घटणार नाही, कारण आपली ‘हद्द’ चंद्रपूरसारखी नदीपलीकडे नसून पुढच्या चौकात आहे. गाडी असलेला माणूस तिथे जाईल. दगडखाणीवरचा आणि बांधकामावरचा मजूर ज्या देशी दारूच्या दुकानातून घेतो ते बंद झाले, तर त्याच्यासाठी पर्याय बहुधा पुढचा चौक नसेल, कॅनमधून येणारी हातभट्टी असेल. अर्ज लिहिताना कोणते दुकान आणि कशासाठी हे वेगळे लिहावे, आणि त्याच अर्जात वस्तीतल्या हातभट्टीचा ठावठिकाणाही द्यावा.